बिनॲनोडची बॅटरी आणि पहिल्या चार्जिंगचा हिशोब

मोबाइलमधला किंवा विजेवर चालणाऱ्या मोटारीतला लिथियम-आयन सेल उलगडून पाहिला, तर आत एकमेकांवर गुंडाळलेल्या दोन लांब पट्ट्या दिसतात. एक ॲल्युमिनियमची, तिच्यावर निकेल, मँगनीज आणि कोबाल्टच्या ऑक्साइडचा काळा लेप. हा कॅथोड. दुसरी तांब्याची, तिच्यावरही काळाच लेप, पण तो ग्राफाइटचा. हा ॲनोड. दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, आणि सगळीकडे मुरलेला द्रव इलेक्ट्रोलाइट. सेल बांधला जातो तेव्हा त्यातलं कामाचं सगळं लिथियम कॅथोडमध्ये असतं. चार्ज करताना ते तिथून सुटतं, इलेक्ट्रोलाइटमधून पलीकडे जातं आणि ग्राफाइटच्या पापुद्र्यांमध्ये शिरून बसतं. वापरताना परत येतं.

या व्यवहारात ग्राफाइट स्वतः वीज साठवत नाही, लिथियमला बसायला जागा देतो, एवढंच. आणि ही जागा फार वजनदार आहे. एका लिथियम अणूला बसवण्यासाठी कार्बनचे सहा अणू लागतात. एक अँपिअर-तास वीज साठवण्याइतकं शुद्ध लिथियम घेतलं, तर त्याचं वजन भरतं जेमतेम पाव ग्रॅम. पण तेवढ्याच लिथियमला ग्राफाइटमध्ये ठेवायचं तर ग्राफाइटचा लेप लागतो सुमारे तीन ग्रॅमचा.

मग तो लेप काढूनच टाकला तर? तांब्याची पट्टी कोरी ठेवायची. पहिल्यांदा चार्ज करताना कॅथोडमधून सुटलेलं लिथियम त्या कोऱ्या तांब्यावर धातूच्या थराच्या रूपात जमा होऊ द्यायचं, आणि डिस्चार्ज करताना तो थर पुन्हा विरघळून कॅथोडमध्ये परत जाईल असं बघायचं. कारखान्यातून बाहेर पडताना या सेलमध्ये ॲनोड नावाचा पदार्थच नसतो. तो पहिल्या चार्जिंगमध्ये तयार होतो. यालाच ॲनोड-फ्री लिथियम मेटल सेल म्हणतात.

वजन नेमकं किती वाचतं, ते एक अँपिअर-तासाच्या सेलवर मांडून बघू. आकडे ढोबळ आहेत, पण आजच्या चांगल्या सेलच्या जवळ जाणारे आहेत. जास्त निकेलचा कॅथोड घेतला, तर लेप सव्वापाच ग्रॅमच्या आसपास. ग्राफाइटचा लेप सुमारे सव्वातीन ग्रॅम. आठ मायक्रॉन जाडीचं तांबं एक ग्रॅम, ॲल्युमिनियम अर्धा ग्रॅम, पडदा पाव ग्रॅम, बाहेरची पिशवी आणि तारा पाऊण ग्रॅम, इलेक्ट्रोलाइट सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. बेरीज तेरा ग्रॅमच्या जवळ जाते. सरासरी ३.७ व्होल्टने हा सेल ३.७ वॉट-तास ऊर्जा देतो, म्हणजे किलोमागे साधारण २८० वॉट-तास.

आता ग्राफाइटचे सव्वातीन ग्रॅम वजा करा. ग्राफाइटचा लेप सच्छिद्र असतो आणि त्याच्या पोकळ्या भरायला पाऊण ग्रॅमच्या आसपास इलेक्ट्रोलाइट लागतो, तोही वजा करा. राहतात नऊ ग्रॅम. लिथियमचं वजन वेगळं धरायचं नाही, कारण ते कॅथोडच्या वजनात आधीच मोजलेलं आहे. शिवाय ग्राफाइटऐवजी शुद्ध धातू आल्यामुळे सेलचं व्होल्टेज ०.१ ने वाढतं. कागदावर किलोमागे ४२० वॉट-तास पडतात. म्हणजे कॅथोड तोच, तांबं तेच, पडदा तोच, आणि ऊर्जा जवळजवळ दीडपट. प्रत्यक्षात इतकं पदरात पडत नाही. असे सेल टिकवायचे तर इलेक्ट्रोलाइट हिशोबापेक्षा जास्त भरावा लागतो, आणि दाब देण्यासाठी सेलभोवती पट्ट्या आवळाव्या लागतात, त्यांचं वजन वेगळं. तरीही उरणारी बचत मोठीच असते. आकारमानातली बचत तर वजनापेक्षाही डोळ्यांत भरते, कारण सेलच्या आतली जवळजवळ निम्मी जाडी ग्राफाइटच्या लेपाची असते.

ग्राफाइटला टाळून लिथियम धातूची तयार पट्टीच ॲनोड म्हणून वापरता येत नाही का, हा प्रश्न साहजिक आहे. येते, आणि तसे सेल बनतातही. पण लिथियमची पातळ पट्टी लाटणं कठीण आणि महाग असतं. तो धातू हवेतल्या ओलाव्याशी लगेच अभिक्रिया करतो, म्हणून अतिशय कोरड्या हवेच्या खोल्या लागतात. हाताळता येण्यासारखी पट्टी बहुधा गरजेपेक्षा जाड असते, म्हणजे वजन वाचवायला निघालो आणि नको असलेलं लिथियम वाहून नेलं, असं होतं. कोऱ्या तांब्याच्या सेलमध्ये यातलं काहीच नाही. तो आजच्या कारखान्यात, आजच्याच यंत्रांवर बांधता येतो. पहिल्या चार्जिंगपर्यंत त्यात धातुरूप लिथियमचा कणही नसतो, त्यामुळे बांधणी करणाऱ्या कामगारासाठीही तो जास्त सुरक्षित असतो.

एवढं सगळं जमून येत असताना हे सेल आपल्या मोबाइलमध्ये का नाहीत, याचं उत्तर शिल्लकीत आहे.

लिथियमची तयार पट्टी असलेल्या सेलमध्ये राखीव साठा असतो. रोज थोडं लिथियम वाया गेलं, तरी पट्टीतून भरपाई होत राहते आणि सेलची क्षमता बरेच दिवस तशीच दिसते. बिनॲनोडच्या सेलमध्ये कॅथोडमधून येईल तेवढंच लिथियम. तांब्यावर बसवलेल्या लिथियमपैकी जितकं परत येतं, त्या प्रमाणाला कूलंबिक कार्यक्षमता म्हणतात. ती ९९ टक्के असेल, तर प्रत्येक फेरीला शिल्लक शंभराची नव्याण्णव होते, आणि पुढच्या फेरीला त्या नव्याण्णवातला एक टक्का जातो. हे चक्रवाढ व्याजच आहे, फक्त उलट्या दिशेचं. ९९ टक्के ऐकायला उत्तम वाटतं, पण त्या दराने २२ फेऱ्यांत सेलची क्षमता ८० टक्क्यांवर येते. ९८ टक्के असेल, तर ११ फेऱ्यांत. ९९.९ टक्क्यांवर सव्वादोनशे फेऱ्या मिळतात. हजार फेऱ्या हव्या असतील, तर ९९.९८ टक्क्यांच्या आसपास पोहोचावं लागतं, म्हणजे दहा हजार अणू गेले तर फक्त दोनच हरवायचे. मोटारीच्या बॅटरीचं आयुष्य सहसा क्षमता ८० टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात, म्हणून इथेही तोच आकडा धरला आहे.

लिथियम धातूचा चार्ज होणारा सेल ही कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीने तसे सेल बाजारात आणले होते. १९८९ मध्ये जपानमध्ये मोबाइल फोनमधल्या त्या सेलना आगी लागल्या आणि माल परत घ्यावा लागला. दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, सोनीने लिथियमला कार्बनमध्ये बसवणारा सेल विकायला काढला आणि सगळं जग त्या वाटेने गेलं. कार्बनचं जादा वजन आपण तेव्हा सुरक्षिततेसाठी आणि टिकाऊपणासाठी स्वीकारलं. कोऱ्या तांब्यावर लिथियम बसवायची कल्पना अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत बर्नड नॉयडेकर, नॅन्सी डडनी आणि जॉन बेट्स यांनी २००० साली प्रसिद्ध केली. पण त्यांची बॅटरी घन इलेक्ट्रोलाइटची होती आणि काही मायक्रॉन जाडीची होती. द्रव इलेक्ट्रोलाइटच्या मोठ्या सेलमध्ये तेच करायला गेलं की अडचण सुरू होते, आणि ती सुरू होते अगदी पहिल्या चार्जिंगपासून.

कोरं तांबं डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर लाटणयंत्राचे ओरखडे असतात, आणि ऑक्साइडचा पातळ थर कुठे जास्त, कुठे कमी असतो. लिथियमला तांब्यावर बसायला मुळात आवडत नाही. दोन धातू एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे पहिला कण बसवायला जादा व्होल्टेजचा रेटा द्यावा लागतो, काही दशक मिलिव्होल्टचा. चार्जिंगचा आलेख पाहिला, तर सुरुवातीलाच व्होल्टेज खाली एक खड्डा घेतं आणि मग सपाट होतं. त्या खड्ड्याच्या क्षणी लिथियमचे पहिले कण तांब्यावर जागा धरत असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या यी कुई यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की सोनं, चांदी, जस्त, मॅग्नेशियम अशा धातूंवर हा खड्डा जवळजवळ नाहीसा होतो, कारण लिथियम त्यांच्यात विरघळू शकतं. म्हणूनच तांब्यावर चांदीचा अतिशय पातळ थर देण्याचे प्रयोग अनेक ठिकाणी चालू आहेत.

पहिले कण कुठे बसले, यावर पुढचं सगळं ठरतं. एकदा लिथियमचा कण बसला, की त्याच्या शेजारच्या कोऱ्या तांब्यापेक्षा त्या कणावरच पुढचं लिथियम बसणं सोपं होतं. कण दाट आणि सारख्या अंतरावर असतील, तर ते वाढून एकमेकांना टेकतात आणि सलग थर तयार होतो. विरळ असतील, तर प्रत्येक कणातून बारीक तंतू फुटतात. त्यातले काही पडदा भेदून कॅथोडपर्यंत पोहोचले, तर सेलच्या आतच शॉर्टसर्किट होतं. मोठा धोका हाच, पण रोजचं नुकसान वेगळ्या मार्गाने होतं.

लिथियम धातू कुठल्याही सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटला टेकला की अभिक्रिया होते, आणि धातूवर काही नॅनोमीटर जाडीचं आवरण तयार होतं. हे आवरण चांगलं बनलं, तर पुढची अभिक्रिया थांबते आणि लिथियमचे आयन मात्र त्यातून ये-जा करू शकतात. पण धातू प्रत्येक फेरीला फुगतो आणि आक्रसतो. ग्राफाइट पूर्ण भरला तर दहाएक टक्के फुगतो. इथे मात्र नेहमीच्या मोटारीच्या सेलइतका जाड कॅथोड असेल, तर चार्जिंगमध्ये तांब्यावर वीस मायक्रॉनच्या आसपास लिथियम चढतं आणि डिस्चार्जमध्ये उतरतं. इतक्या हालचालीत आवरण फाटतं, आत नवा धातू उघडा पडतो, नवं आवरण बनतं, आणि त्यात लिथियम आणि इलेक्ट्रोलाइट दोन्ही खर्च होतात. धातू तंतुमय असेल तर पृष्ठभाग कितीतरी पट जास्त, म्हणून खर्चही जास्त.

त्याहून वाईट गोष्ट डिस्चार्जमध्ये घडते. तंतू सगळीकडून सारखा विरघळत नाही. बुंध्याजवळ आधी विरघळला, तर टोकाकडचा तुकडा सुटा होतो. आपल्या आवरणात गुंडाळलेला, तांब्याशी विजेचा संपर्क तुटलेला. तो अजूनही शुद्ध लिथियमच असतो, पण सेलच्या उपयोगाचा राहत नाही. त्याला मृत लिथियम म्हणतात.

या दोन खर्चांपैकी मोठा कुठला, हे बरीच वर्षं नक्की सांगता येत नव्हतं. वापरलेल्या तांब्यावर करड्या रंगाची भुकटी दिसते, तिच्यात आवरण किती आणि मृत धातू किती, ते वेगळं करणार कसं? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या शर्ली मेंग यांच्या गटाने २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये एक सोपी पद्धत मांडली. वापरलेली पट्टी बंद भांड्यात ठेवायची आणि तिच्यावर पाणी टाकायचं. धातुरूप लिथियम पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडतं. आवरणातलं लिथियम आधीच आयनरूपात असल्याने हायड्रोजन सोडत नाही. भांड्यात जमलेला हायड्रोजन गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजला, की मृत धातूचा हिशोब हातात येतो. उरलेली तूट आवरणात गेली, असं वजाबाकीने कळतं. त्यांना आढळलं, की हरवलेल्या लिथियमचा मोठा भाग मृत धातूत जातो. त्यांनी तपासलेल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये कार्यक्षमता जितकी कमी, तितकं मृत धातूचं प्रमाण जास्त होतं, आणि आवरणात जाणारा वाटा मात्र फारसा बदलत नव्हता. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यांत उपयोगी प्रयोग आहे. त्यामुळे प्रश्नाचा रोख रसायनाइतकाच धातूच्या आकाराकडे वळला. थर दाट बसला, तर तूट कमी. आणि आकार तर पहिल्याच फेऱ्यांत घडतो.

हे प्रत्यक्ष कसं करून दाखवता येतं, ते कॅनडात हॅलिफॅक्सला डलहौसी विद्यापीठातल्या जेफ डान यांच्या प्रयोगशाळेत दिसतं. त्यांनी नाण्याच्या आकाराच्या प्रयोगी सेलवर न थांबता, यंत्रावर बनलेले छोटे पाउच सेल घेतले. एका बाजूला निकेल-मँगनीज-कोबाल्टचा कॅथोड, दुसऱ्या बाजूला कोरं तांबं. साध्या इलेक्ट्रोलाइटमध्ये असे सेल काही थोड्या फेऱ्यांत संपतात. २०१९ मध्ये त्यांनी एकाऐवजी दोन लिथियम क्षार एकत्र वापरले, एक डायफ्लुओरो-ऑक्झॅलेटो-बोरेट आणि दुसरा टेट्राफ्लुओरोबोरेट. सेल ९० फेऱ्यांनंतर ८० टक्क्यांवर आला. पन्नास फेऱ्यांनंतर उघडलेल्या सेलमध्ये तंतू नव्हते. तांब्यावर काही दशक मायक्रॉन रुंदीचे लिथियमचे सपाट, एकमेकांना चिकटलेले खडे होते.

या सेलची पहिली फेरी नीट बघण्यासारखी आहे. तापमान ४० अंश सेल्सिअस. सेल दोन पट्ट्यांमध्ये आवळलेला, म्हणजे लिथियम वर वाढण्याऐवजी आडवं पसरेल. चार्जिंग मंद, सुमारे पाच तासांचं, आणि डिस्चार्ज वेगाने, दोन तासांत. घरच्या वापरात आपल्याला उलटं हवं असतं, चार्ज पटकन आणि वापर दिवसभर. पण लिथियमला मंद बसवलं तर खडे मोठे होतात, आणि वेगाने काढलं तर ते जास्त समान विरघळतं. गरम सेलमध्ये आयन लवकर हलतात, धातूही मऊ असतो, त्यामुळे थर दाट बसतो. डान यांच्या गटाने पुढे हेही तपासलं की फक्त सुरुवातीच्या मोजक्या फेऱ्या ४० अंशांवर केल्या आणि नंतर सेल २० अंशांवर चालवला तर काय होतं. असा सेल सुरुवातीपासून २० अंशांवर चालवलेल्या सेलपेक्षा बराच जास्त टिकला. म्हणजे सुरुवातीला दाट बसलेला थर तापमान उतरल्यावरही आपला आकार बऱ्याच अंशी सांभाळतो, आणि पुढचं लिथियम त्याच साच्यावर बसतं. पहिल्या फेऱ्यांना कारखान्यात ‘फॉर्मेशन’ म्हणतात. आजच्या सेलमध्येही ती असतेच, पण इथे ती आयुष्याचा पाया घालते.

त्या पहिल्याच फेरीत आणखी एक गोष्ट होते, आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर वाटते. निकेलवाल्या कॅथोडमधून पहिल्या चार्जिंगला जितकं लिथियम निघतं, तितकं सगळं तो नेहमीच्या वेगाने परत घेऊ शकत नाही. शेवटचे दहाएक टक्के आत शिरायला फारच वेळ लावतात. ग्राफाइटच्या सेलमध्ये हा कॅथोडचा दोष म्हणून मोजला जातो, आणि तिथे ग्राफाइटचं आवरण बनण्यात तितकंच लिथियम खर्च होत असल्याने दोन्हींची तोंडमिळवणी होते. बिनॲनोडच्या सेलमध्ये मात्र हे दहा टक्के तांब्यावरच राहू देता येतात. त्यासाठी डिस्चार्ज ३.६ व्होल्टला थांबवायचा. व्होल्टेज आणखी खाली नेलं, तर तेही लिथियम ओढून काढता येतं आणि थोडी जादा वीज मिळते. पण तो मोह टाळला, तर तांब्यावर दोन मायक्रॉनच्या आसपास लिथियमचा थर कायमचा उरतो.

या दोन मायक्रॉनांनी दोन कामं होतात. एक म्हणजे राखीव साठा तयार होतो, आणि त्यासाठी जादा वजन वाहावं लागत नाही, कारण ते लिथियम सेलमध्ये आधीपासून होतंच. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. पुढच्या फेरीत लिथियमला कोऱ्या तांब्यावर नव्याने जागा शोधावी लागत नाही. ते लिथियमवरच बसतं. तांब्यावर पहिला कण बसवायची कसरत सेलच्या आयुष्यात एकदाच करावी लागते. ती एकदा चांगली जमली, तर तांबं पुन्हा कधी उघडं पडू द्यायचं नाही, एवढंच पाळायचं. ती बिघडली, तर तांब्याच्या काही भागांवर लिथियम बसलेलंच नसतं, काही भागांवर तंतूंची गर्दी असते, आणि हा असमानपणा प्रत्येक फेरीत वाढत जातो.

राखीव साठ्यामुळे एक फसगतही होते. समजा, सेलची खरी कार्यक्षमता ९९.५ टक्के आहे आणि साठा दहा टक्क्यांचा. मग पहिल्या वीसेक फेऱ्यांत तूट साठ्यातून भरली जाते आणि क्षमतेचा आलेख सपाट दिसतो. सेल उत्तम आहे असं वाटतं. साठा संपला, की आलेख अचानक उतरणीला लागतो. त्यामुळे तीस फेऱ्यांचा सुंदर आलेख पाहून बॅटरीचा अंदाज बांधू नये. कॅथोड कुठला आहे आणि डिस्चार्ज किती व्होल्टला थांबवला, हे आधी विचारावं. लोह-फॉस्फेटचा कॅथोड पहिल्या फेरीत जवळजवळ सगळं लिथियम परत घेतो, त्यामुळे त्याच्याकडे असा साठा नसतो आणि घसरण पहिल्या दिवसापासून दिसते. तो आलेख वाईट दिसतो, पण खरं सांगतो.

साठा मुद्दाम वाढवण्याचाही मार्ग आहे. कॅथोडच्या लेपात लिथियम ऑक्साइडसारखा पदार्थ मिसळायचा. तो पहिल्या चार्जिंगला फुटून आपलं लिथियम देतो आणि पुन्हा कधी परत घेत नाही. २०२१ मध्ये जपानमधल्या संशोधकांच्या गटाने या पद्धतीने अडीच अँपिअर-तासांच्या आसपासचा पाउच सेल बनवून दाखवला. किलोमागे ३२० वॉट-तास, आणि ३०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता. मात्र फुटताना वायू सुटतो, तो फॉर्मेशननंतर पिशवीतून काढून टाकावा लागतो. आणि मिसळलेल्या पदार्थाचं वजन वाचवलेल्या वजनातून वजा होतं.

पहिल्या फेऱ्या साधल्या तरी सेल अमर होत नाही. डान यांच्या गटाने २०२० मध्ये आपल्याच सेलचं शवविच्छेदन प्रसिद्ध केलं. ९० फेऱ्यांनंतर काय बिघडतं? सेलमधून ध्वनिलहरी आरपार सोडून त्यांनी बघितलं, की काही भाग कोरडे पडू लागले आहेत. इलेक्ट्रोलाइटचं पृथक्करण केलं, तेव्हा दोन्ही क्षार संपत आलेले आढळले. ज्या क्षारांमुळे दाट थर बसत होता, तेच आवरण बनवण्यात खर्च झाले होते, आणि ते कमी होताच सपाट खड्यांच्या जागी सच्छिद्र, तंतुमय लिथियम वाढू लागलं होतं. त्यांनी क्षारांचं प्रमाण बरंच वाढवलं आणि सेल २०० फेऱ्यांपर्यंत नेला. पहिल्या फेऱ्यांनी घातलेली घडी टिकवायला पुढे रोज खर्च करावा लागतो, आणि तो खर्चही बांधणीच्या दिवशीच भरून ठेवावा लागतो.

नुसतं पडून राहणंही सेलला मानवत नाही. स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात, २०२१ मध्ये, असं दिसलं की लिथियम धातूचा चार्ज केलेला ॲनोड २४ तास ठेवला तरी दोन-तीन टक्के क्षमता जाते, इलेक्ट्रोलाइट कुठलाही असो. धातू इलेक्ट्रोलाइटमध्ये गंजत राहतो. आठवडाभर चार्ज करून ठेवलेल्या गाडीसाठी ही गंभीर गोष्ट आहे. त्याच विद्यापीठातल्या गटाने २०२४ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. सेल पूर्ण डिस्चार्ज करून काही वेळ विश्रांती दिली, तर मृत तुकड्यांभोवतीच्या आवरणाचा काही भाग विरघळतो आणि पुढच्या चार्जिंगला नवं लिथियम त्या तुकड्यांना पुन्हा जोडून घेतं. हरवलेल्या क्षमतेचा काही भाग परत येतो. अर्थात, यात ३.६ व्होल्टला थांबण्याचा नियम मोडतो. राखीव थर जपायचा की मृत लिथियम परत मिळवायचं, याचा निर्णय प्रत्येक सेलच्या रसायनाप्रमाणे वेगळा करावा लागेल.

द्रव सोडून घन इलेक्ट्रोलाइट घेतला, तर पहिल्या फेरीचा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. सॅमसंगच्या संशोधकांनी २०२० मध्ये सल्फाइड इलेक्ट्रोलाइटच्या सेलमध्ये तांब्याऐवजी पोलादाच्या पत्र्यावर चांदीचे सूक्ष्म कण आणि कार्बन यांचा काही मायक्रॉनचा थर दिला. चार्ज करताना लिथियम आधी चांदीत मिसळतं, आणि मग थराखाली सलग धातू म्हणून जमतं. तो सेल ६० अंशांवर हजार फेऱ्या चालला. लिथियम नेमकं कुठे बसेल, हे पहिल्या चार्जिंगलाच ठरवून द्यायचं, हेच तत्त्व तिथेही आहे. फरक इतका, की ते काम उष्णतेऐवजी चांदीकडून करून घेतलं जातं.

द्रव इलेक्ट्रोलाइटच्या सेलने आजवर गाठलेल्या दोन-तीनशे फेऱ्या रोज चार्ज होणाऱ्या मोबाइलला वर्षभरही पुरणार नाहीत. चारशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला त्या ऐंशी हजार किलोमीटरपर्यंत नेतील, पण प्रत्येक चार्जिंगला पाच तास द्यावे लागतील आणि सेल गरम व आवळलेले ठेवावे लागतील. जिथे प्रत्येक ग्रॅम मोजला जातो आणि फेऱ्या मोजक्या असतात, तिथे, म्हणजे ड्रोन आणि छोट्या विमानांत, हा हिशोब आधी जुळेल. कारखान्यासाठी प्रश्न असा आहे, की गरम खोलीत, दाबाखाली, प्रत्येक सेलला मंद चार्जिंगच्या दोन-तीन फेऱ्या द्यायला किती दिवस आणि किती जागा लागेल. आजही फॉर्मेशन हा सेल बनवण्यातला सर्वांत वेळखाऊ आणि महागड्या टप्प्यांपैकी एक आहे, आणि ग्राफाइट काढून वाचलेल्या पैशांतला काही भाग तरी तिथे परत जाणार.